कॅश फ्लो मोडमध्ये एनपीव्ही आणि आयआरआर: यादी नव्हे, काळरेषा भरा

प्रश्न: सर, मी पुण्यात राहून सीएफए लेव्हल वनची तयारी करतेय. एनपीव्ही आणि आयआरआरचं गणित हातानं करायला मला सहा-सात मिनिटं लागतात. कॅल्क्युलेटरच्या कॅश फ्लो मोडमध्ये ते मिनिटाभरात होतं म्हणतात, पण माझं उत्तर दरवेळी वेगळंच येतं. तो मोड नेमका कसा वापरायचा? कॉलेजपासूनचा एफएक्स-९९१ माझ्याकडे आहे, तो चालेल का?

उत्तर:

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एफएक्स-९९१ मध्ये कॅश फ्लो मोड नाही. इंजिनिअरिंगची आणि सायन्सची मुलं वापरतात ते नेहमीचे सायंटिफिक कॅल्क्युलेटर या कामासाठी बनवलेलेच नाहीत. कॅश फ्लोची सोय फायनान्शियल कॅल्क्युलेटरमध्ये असते. तुमच्या परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा ट्वेल्व्ह-सी, या दोनच घराण्यांना परवानगी आहे. एफएक्स-९९१ हॉलमध्ये नेता येणार नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांतले बहुतेक जण बीए टू प्लस घेतात, म्हणून बटणं त्याचीच सांगतो. एफएक्स-९९१ वर हेच काम दुसऱ्या वाटेनं होतं. दुसऱ्या एखाद्या परीक्षेला तो उपयोगी पडेल, म्हणून शेवटी तेही सांगतो.

आता दरवेळी वेगळं उत्तर का येतं ते. हे मी सदाशिव पेठेतल्या वर्गात इतक्या वेळा पाहिलंय की तुमचा कॅल्क्युलेटर न बघताही अंदाज सांगू शकतो. मशीन बरोबरच गणित करतं. पण आपण त्याला आकड्यांची यादी देतोय असं आपल्याला वाटत असतं आणि ते त्या यादीकडे काळरेषा म्हणून बघत असतं. कोणता आकडा कोणत्या वर्षाच्या शेवटी आला हे त्याला फक्त त्या आकड्याच्या जागेवरून कळतं. जागा चुकली की वर्ष चुकलं. वर्ष चुकलं तरी मशीन तक्रार करत नाही, गुमान एक उत्तर देतं. म्हणून बटणाला हात लावण्याआधी कच्च्या कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर ०, १, २, ३ अशी वर्षं लिहा आणि प्रत्येकाखाली त्या वर्षाची निव्वळ रोकड लिहा. याला पंधरा सेकंद लागतात. हे पंधरा सेकंद वाचवायला गेलेल्यांची उत्तरं चुकलेली मी सर्वात जास्त पाहिली आहेत.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतला एक वर्कशॉपवाला सीएनसी लेथ घेतोय. मशीन १८ लाखांचं. शिवाय कच्चा माल आणि उधारीत २ लाख अडकणार, ते खेळतं भांडवल शेवटी परत मिळणार. कर वजा जाता पहिली तीन वर्षं दर वर्षी ६ लाख हातात येतील. चौथ्या वर्षी मोठी दुरुस्ती आहे, तिच्यात त्या वर्षाची सगळी कमाई जाईल, म्हणजे हातात शून्य. पाचव्या वर्षी पुन्हा ६ लाख, वर जुनं मशीन विकून ३ लाख आणि अडकलेले २ लाख परत. भांडवलाचा खर्च १२ टक्के. एनपीव्ही किती, आयआरआर किती?

रेघेवर हे असं येईल: शून्यापाशी उणे २०, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाखाली ६, चौथ्याखाली ०, पाचव्याखाली ११. मी लाखातच आकडे भरतो. २०००००० टाइप करताना एक शून्य कमी-जास्त होण्याचा धोका कशाला घ्यायचा? आयआरआरला लाख काय आणि रुपये काय, फरक पडत नाही. एनपीव्हीचं उत्तर लाखात येईल एवढंच लक्षात ठेवायचं.

आता बटणं:

```
CF
2nd  CLR WORK
20  +/-  ENTER  ↓
6   ENTER  ↓
3   ENTER  ↓
0   ENTER  ↓  ↓
11  ENTER
```

यातली प्रत्येक ओळ काय करते ते नीट बघा. `CF` दाबल्यावर पडद्यावर `CFo` येतं, म्हणजे आज, शून्याव्या क्षणी होणारा व्यवहार. `CLR WORK` म्हणजे `2nd` दाबून `CE|C` चं बटण. त्यानं आधीच्या गणिताची रोकड पुसली जाते. मग २० टाइप करायचे, नंतर `+/-` दाबून उणे करायचे आणि `ENTER`. इथं वजाबाकीचं बटण वापरायचं नाही. `ENTER` न दाबता खाली गेलात तर आकडा साठवलाच जात नाही.

खालचा बाण दाबला की `C01` येतं. तिथं ६. पुन्हा खाली गेलं की `C02` येत नाही, `F01` येतं. हे `F` म्हणजे ही रक्कम ओळीनं किती वेळा येते. ६ लाख ओळीनं तीन वर्षं आहेत, म्हणून तिथं ३. मग `C02`, तिथं ० आणि `ENTER`. त्यानंतर बाण दोनदा, कारण मध्ये `F02` लागतं आणि त्याला हात लावायची गरज नसते, ते आपोआप १ झालेलं असतं. तरी पुढे जाताना ते १ आहे ना, हे नजरेखालून घाला. शेवटी `C03` ला ११.

इथं थांबून एक गोष्ट मनात पक्की करा. `C03` म्हणजे तिसरं वर्ष नाही. आपल्या गणितात `C03` हे पाचवं वर्ष आहे, कारण `C01` नं एकट्यानं तीन वर्षं खाल्ली आणि `C02` नं चौथं. `C` च्या पुढचा आकडा हा नोंदीचा क्रमांक असतो, वर्षाचा नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका जागेवरच जिरतात.

आता उत्तरं:

```
NPV  12  ENTER  ↓  CPT     NPV = 0.65
IRR  CPT                   IRR = 13.27
```

एनपीव्ही ०.६५ लाख, आयआरआर १३.२७ टक्के. पर्यायांमध्ये ६५,२६८ रुपये असं दिलं असेल आणि तुम्हाला दोनच दशांश दिसत असतील, तर `2nd FORMAT` मध्ये जाऊन `4 ENTER` करा, म्हणजे ०.६५२७ दिसेल. आत मशीन पूर्ण आकडाच धरून असतं, पडद्यावर फक्त तो गोल करून दाखवतं. हे सेटिंग परीक्षेच्या आदल्या दिवशीच करून ठेवावं.

खरा वेळ वाचतो तो यापुढे. रोकड एकदा भरली की ती तिथंच राहते. त्याच प्रकल्पावर पुढचा प्रश्न आला, की भांडवलाचा खर्च १४ टक्के झाला तर काय, तर पुन्हा `CF` मध्ये जायचं कारण नाही. फक्त `NPV`, १४, `ENTER`, खाली, `CPT`. उत्तर उणे ०.३६. लेव्हल वनला प्रत्येक सत्रात १३५ मिनिटांत ९० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. हाताची सवय झाली की भोसरीच्या या गणिताला काळरेषेसकट एक मिनिट पुरतं.

आता चुका. मला तीनच महत्त्वाच्या वाटतात आणि तिन्ही ओळखता येतात.

पहिली चूक `F` ची. मागे एक विद्यार्थिनी वर्ग संपल्यावर रडवेली होऊन आली. सराव पेपरातलं एकही एनपीव्ही जुळत नव्हतं. मी तिला म्हटलं, माझ्यासमोर बटणं दाब, बोलू नको. तिनं पहिल्या वर्षाचा आकडा भरला, बाण एकदा दाबला आणि दुसऱ्या वर्षाचा आकडा टाइप केला. तो गेला `F01` मध्ये. तिच्या गणितात रक्कम हजारात होती, म्हणजे मशीनला तिनं सांगितलं होतं की पहिल्या वर्षाची रक्कम चारशे वर्षं येत राहणार आहे! आणि मशीननं तेवढ्या वर्षांची किंमत काढून दिली. `F` मध्ये ९,९९९ पर्यंतचा आकडा चालतो. त्यामुळे रुपयांत भरलेली मोठी रक्कम तिथं गेली तर मशीन चूक दाखवतं, पण लाखात किंवा हजारात भरलेली निमूट स्वीकारतं. लहान एककात आकडे भरण्याची ही एक किंमत आहे. मी तरीही लाखातच भरतो, पण प्रत्येक बाणानंतर पडद्याच्या डाव्या बाजूला `C` आहे की `F` हे बघितल्याशिवाय बोट उचलत नाही. त्या मुलीला मी तेवढंच करायला सांगितलं: आकडा टाइप करण्याआधी मनात ते अक्षर म्हणायचं. आठवड्यात तिची अडचण गेली.

दुसरी चूक शून्याची. रोकड नसलेलं वर्ष वगळलं जातं. शून्यच तर आहे, भरलं काय न भरलं काय, असं वाटतं. आपल्या उदाहरणात चौथ्या वर्षाचं शून्य गाळून बघा. मग ११ लाख पाचव्याऐवजी चौथ्या वर्षी आले असं मशीन समजतं. एनपीव्ही ०.६५ ऐवजी १.४० येतो आणि आयआरआर १३.२७ ऐवजी १५ च्या जवळ. यात घातक काय, तर १.४० हा आकडा अजिबात वेडावाकडा दिसत नाही. तो धन आहे, बेताचा आहे आणि पेपर काढणाऱ्यानं तो बहुतेक वेळा एका पर्यायात ठेवलेलाच असतो, कारण ही चूक होणार हे त्यालाही ठाऊक असतं. पर्यायात उत्तर सापडलं म्हणजे ते बरोबर आहे, असं इथं धरता येत नाही.

यावर माझा उपाय सोपा आहे. भरून झालं की सगळ्या `F` ची बेरीज करा. ३ अधिक १ अधिक १, पाच. कागदावरच्या रेघेवर शेवटचं वर्ष पाच. जुळलं. नाही जुळलं तर कुठलं तरी वर्ष सुटलंय किंवा जास्तीचं घुसलंय. सुटलं असेल तर सगळं पुसायची गरज नाही. ज्या जागी नोंद हवी तिथं जाऊन `2nd INS` दाबलं की जागा होते आणि `2nd DEL` नं नको असलेली नोंद जाते.

तिसरी चूक आधीच्या गणिताच्या उरलेल्या आकड्यांची. तुमचं उत्तर "दरवेळी वेगळं" येतं म्हणता, त्यावरून माझा पहिला संशय हिच्यावर आहे. पुष्कळांना `2nd CLR TVM` ची सवय असते. कर्जाच्या हप्त्यांची गणितं करताना ते बरोबर असतं, पण त्यानं कॅश फ्लोचं पान पुसलं जात नाही. नुसतं `CE|C` दाबूनही पुसलं जात नाही, त्यानं फक्त पडदा साफ होतो. कॅल्क्युलेटर बंद करून चालू केला तरी आकडे तसेच राहतात. समजा आधीच्या गणितात सात नोंदी होत्या आणि आताच्या गणितात तीन आहेत. पहिल्या तीन तुम्ही बदलल्या, चौथीपासून सातवीपर्यंत जुनी रोकड तशीच बसून आहे आणि ती एनपीव्हीत मिसळते. म्हणून आधी `CF`, मग `2nd CLR WORK`. हा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण `CLR WORK` तुम्ही ज्या पानावर आहात तेच पान पुसतं. दुसऱ्या पानावर उभं राहून दाबलं तर कॅश फ्लो जिथल्या तिथं राहतो.

उत्तर आल्यावर ते पटण्यासारखं आहे का, हे बघायला मी दोन गोष्टी करतो. पहिली, व्याजाचा विचार न करता नुसती बेरीज. ६, ६, ६, ० आणि ११ मिळून २९, त्यातून २० गेले, राहिले ९. आधी पैसे गेले आणि नंतर आले अशा साध्या प्रकल्पात एनपीव्ही या ९ पेक्षा कमीच यायला हवा. ०.६५ कमी आहे, ठीक. या बेरजेतून आणखी एक चूक पकडता येते. दर १२ ऐवजी ०.१२ भरला तर उत्तर ८.८९ येतं, म्हणजे जवळजवळ ९. एनपीव्ही नुसत्या बेरजेला चिकटून आला की दर बघा. या मशीनला टक्केवारीतला आकडा हवा असतो, दशांश नको.

दुसरी पडताळणी चिन्हाची. १२ टक्क्यांना एनपीव्ही धन आला, म्हणजे आयआरआर १२ च्या वर असायलाच हवा. १४ ला ऋण आला, म्हणजे १४ च्या खाली. १३.२७ मध्ये बसतो. आणि हातात अर्धं मिनिट असेल तर पक्की परीक्षाही आहे. आयआरआर पडद्यावर असतानाच `STO 1` दाबा, मग `NPV`, `RCL 1`, `ENTER`, खाली, `CPT`. शून्य यायला हवं, कारण ज्या दरानं एनपीव्ही शून्य होतो तोच आयआरआर. मशीनही तो असाच शोधतं. एक दर धरतं, एनपीव्ही काढतं, शून्याकडे सरकतं, पुन्हा काढतं. त्यासाठी कुठलं तयार सूत्र नाही, म्हणून कधीकधी `CPT` नंतर क्षणभर थांबावं लागतं. तेव्हा बटणं बडवू नका.

`IRR` ला `Error 5` आलं तर नव्वद टक्के वेळा `CFo` उणे करायचं राहिलेलं असतं. सगळीच रोकड धन असेल तर कुठल्याच दरानं बेरीज शून्य होणार नाही, हेच ते मशीन सांगतंय. एनपीव्ही मात्र अशा वेळीही येतो, आपल्या उदाहरणात ४०.६५. म्हणून मी एनपीव्ही एकटाच विचारला असेल तरी आयआरआरची दोन बटणं दाबून बघतो. चिन्हाची चूक तिथं लगेच उघडी पडते.

रोकड महिन्याची किंवा सहामाहीची असेल तर एक काळजी घ्या. हे पान वर्ष-महिना ओळखत नाही. `P/Y` मध्ये १२ ठेवलं तरी त्याचा इथं काही परिणाम होत नाही, ते हप्त्यांच्या पानासाठी आहे. नोंदी महिन्याच्या असतील तर दरही महिन्याचा भरायचा आणि येणारा आयआरआर महिन्याचाच समजायचा. वार्षिक आपण करायचा, तोही प्रश्नात कोणत्या पद्धतीनं मागितलाय ते वाचून.

आता ज्या जागी मशीनचं उत्तर बरोबर असूनही पुरेसं नसतं ती जागा. वाघोलीकडच्या एखाद्या दगडखाणीचा विचार करा. आज १०० लाख घालायचे, वर्षानं २३० लाख मिळतील, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी खड्डा बुजवून जमीन परत करण्यासाठी १३२ लाख खर्च करावे लागतील. चिन्हं उणे, अधिक, उणे, म्हणजे दोनदा बदलली. मशीनला आयआरआर विचारला तर ते १० म्हणेल. पण २० टक्क्यांनाही एनपीव्ही शून्यच येतो. दोन्ही खरे आयआरआर आहेत आणि बीए टू प्लस त्यातला शून्याला जवळचा एकच दाखवतं. दुसरा आहे, असा इशारा देत नाही.

इथं "आयआरआर १० टक्के, भांडवलाचा खर्च १२, म्हणून प्रकल्प नाकारा" असं लिहिलं तर चुकलं. १२ टक्क्यांना एनपीव्ही ०.१३ लाख येतो, थोडका पण धन. ५ टक्क्यांना उणे ०.६८, २५ टक्क्यांना उणे ०.४८. म्हणजे १० आणि २० च्या मधल्या दरांनाच हा प्रकल्प फायद्याचा आहे, दोन्ही बाजूंना तोटा. कमी दराला तोटा होतो, कारण शेवटच्या १३२ लाखांचं ओझं तेव्हा जास्त जड पडतं. म्हणून रेघेवर चिन्हं किती वेळा बदलतात हे मोजा. एकदाच बदलत असतील तर आयआरआर एकच असतो, दुसरा लपलेला नसतो. दोनदा बदलत असतील तर आयआरआर बाजूला ठेवा आणि दिलेल्या दरानं एनपीव्ही काढून निर्णय द्या. परीक्षेत असा प्रश्न आला तर त्याला हेच तपासायचं असतं.

आता एफएक्स-९९१. यात `CALC` आणि `SOLVE` आहेत आणि त्यांनी आपलं काम भागतं. भोसरीचं उदाहरण असं टाइप करायचं:

```
-20 + 6÷X + 6÷X² + 6÷X³ + 11÷X^5
```

इथं `X` म्हणजे एक अधिक दर. `CALC` दाबून `X` ला 1.12 दिलं की ०.६५२७ येतं, हा एनपीव्ही. तीच राशी पडद्यावर असताना `SHIFT` आणि `CALC`, म्हणजे `SOLVE`, आणि सुरुवातीचा अंदाज म्हणून 1.1 दिलं की `X` ची किंमत १.१३२७ येते. एक वजा करा, शंभरानं गुणा: १३.२७ टक्के. चौथ्या वर्षाचं शून्य इथं आपोआप सांभाळलं जातं, कारण प्रत्येक पदाचा घात आपण स्वतः लिहितो आणि चौथा घात लिहिलाच नाही. दहा-पंधरा वर्षांची वेगवेगळी रोकड असेल तर मात्र टाइप करायलाच वेळ जातो आणि एखादा घात चुकतो. पाच-सहा वर्षांपर्यंत ही वाट चांगली. आणि एका बाबतीत तर ही वाट फायनान्शियल कॅल्क्युलेटरपेक्षा सरस आहे: खाणीचं गणित घालून अंदाज 1.05 दिला तर 1.1 वर पोचतं, 1.3 दिला तर 1.2 वर. दोन आयआरआर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतील तर घरी हे एकदा करून बघाच.

तुमच्यासोबत सीए करणारी कोणी मैत्रीण असेल तर तिला हे सांगा, की तिच्या परीक्षेत यातलं काहीच चालणार नाही. तिथं सहा फंक्शन, बारा अंक आणि दोन मेमरीपर्यंतचाच साधा कॅल्क्युलेटर नेता येतो. तिनं वर्तमान मूल्याचे गुणांक एक भागिले १.१२ करून `=` पुन्हा पुन्हा दाबत काढायची सवय करावी आणि आयआरआर दोन दरांमध्ये अंतर्वेशन करून काढावा. १३ टक्क्यांना आपला एनपीव्ही ०.१३७ येतो आणि १४ ला उणे ०.३५७, त्यावरून १३.२८ निघतो. खऱ्या उत्तरापेक्षा किंचित जास्त, पण तिथं तो मान्य होतो.

तुमच्यासाठी शेवटचं: जिथं उत्तरपत्रिका हातानं लिहायची असते, अशा विद्यापीठाच्या पेपरांत कॅल्क्युलेटरचा आकडा तेवढा लिहून भागत नाही. वर्ष, रोकड, गुणांक, वर्तमान मूल्य अशा चार रकान्यांचा तक्ता लिहावा लागतो, गुण त्यालाच असतात. तिथं कॅश फ्लो मोड मी तक्ता लिहून झाल्यावर पडताळणीला वापरतो. तक्त्यातली बेरीज ०.६५ आली आणि मशीनमध्ये १.४० आला, तर दोन्हीकडचं चौथं वर्ष आधी बघतो.